पाकातलं पाणी

"पाकातच तर आहेत, त्यांना काय होतंय?" लग्नाच्या पंगती उठल्यावर किंवा दिवाळीच्या चौथ्या दिवशी, गुलाबजामचं पातेलं फ्रिजमध्ये मावेनासं झालं की हे वाक्य हमखास कानावर येतं. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात सरकतं, वर ताट झाकलं जातं आणि येता-जाता कोणी ना कोणी एखादा उचलत राहतं. फ्रिजमध्ये ठेवलेले गुलाबजाम कडक होतात, म्हणून ते बाहेरच बरे, असाही एक हिशेब त्यामागे असतो.

या विश्वासाला अगदीच आधार नाही असं नाही. कैरीचा साखरांबा वर्षभर बरणीत, फ्रिजबाहेर, सुखरूप राहतो. मध तर त्याहून जास्त टिकतो. साखर टिकवते हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचं ज्ञान आहे आणि ते खरंच आहे. पण किती साखर, हा प्रश्न त्यात राहून जातो. गुलाबजामचा पाक आणि साखरांब्याचा पाक जिभेला जवळपास सारखेच गोड लागतात. जिवाणूंच्या दृष्टीनं मात्र ते दोन वेगळे प्रदेश आहेत.

साखर स्वतः जंतू मारत नाही. ती पाणी अडवून धरते. पाण्यात विरघळलेला साखरेचा प्रत्येक कण आपल्याभोवती पाण्याचे कण गुंतवून ठेवतो आणि असं गुंतलेलं पाणी जिवाणूला वापरता येत नाही. पाक पुरेसा दाट असेल तर तो उलट जिवाणूच्या पेशीतलंच पाणी ओढून घेतो. त्यामुळे एखादा पदार्थ टिकेल की नाही, हे त्यात एकूण किती पाणी आहे यापेक्षा किती पाणी मोकळं आहे यावर ठरतं. ऑस्ट्रेलियातले संशोधक विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ साली हा संबंध नेमक्या आकड्यांत मांडला आणि तेव्हापासून अन्नशास्त्रात मोकळ्या पाण्याचं माप रूढ झालं. शुद्ध पाण्याचं माप १ धरतात. साखर किंवा मीठ वाढत गेलं की ते खाली येतं.

या मापावर थोड्याच खुणा लक्षात ठेवायच्या आहेत. अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना ०.९१ च्या वर पाणी लागतं. त्याखाली त्यांची वाढ थांबते. पण माणसाच्या त्वचेवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू ०.८६ पर्यंत तग धरून वाढू शकतो. नेहमीच्या बुरशा साधारण ०.८० पर्यंत वाढतात आणि गोडाला सरावलेली काही यीस्ट तर ०.६२ च्या आसपासही जगतात. आता गुलाबजामचा पाक यात कुठे बसतो ते पाहायचं.

घरी नेहमी घेतात ते प्रमाण घेऊ. एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाक बोटांना चिकट लागेपर्यंत उकळला की साधारण ३०० मिलीलिटर पाणी उडून जातं. उरलेल्या १७०० ग्रॅम पाकात १००० ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास ५९ टक्के. या दाटपणाला मोकळ्या पाण्याचं माप ०.९० च्या आसपास येतं. बहुतेक जिवाणूंची वाट इथे बंद झालेली असते. गुलाबजाम पाकात पडेपर्यंत चित्र बरं आहे.

मग त्यात तळलेले गोळे पडतात. खवा आणि मैद्याचे ४०-४५ गोळे, वजन ६०० ग्रॅम. मंद आचेवर निवांत तळले तरी त्यांच्या पोटात सुमारे पाव भाग पाणी शिल्लक असतं, म्हणजे दीडशे ग्रॅम. रात्रभर मुरताना साखर गोळ्यात शिरते आणि गोळ्यातलं पाणी पाकात उतरतं. सकाळपर्यंत दोन्हीकडचा गोडवा समान पातळीवर आला असं धरलं, तर १००० ग्रॅम साखर आता ८५० ग्रॅम पाण्यात वाटली गेलेली असते. पाक ५९ टक्क्यांचा ५४ टक्क्यांवर आला आणि माप ०.९२ वर चढलं. कोणी वरून पाण्याचा थेंबही घातलेला नाही, तरी सीमारेषा ओलांडली गेली.

हा हिशेब ढोबळ आहे. खव्यातली दुधाची साखर आणि मैदा यांचाही त्यात थोडा वाटा असतो. गोळे जास्त आणि पाक कमी असेल तर पाक आणखी पातळ होतो; पाक भरपूर असेल तर कमी. पण दिशा तीच राहते. कढईत तपासलेला पाक आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यात असलेला पाक हे एक नसतात.

मग पाक आधीच दाट का करू नये? साखरांब्यासारखा, जवळपास दोन तृतीयांश साखरेचा? कारण तसा पाक गुलाबजामला मानवत नाही. तो गोळ्यात शिरण्याआधीच गोळ्यातलं पाणी ओढून घेतो. गोळा आक्रसतो, वरून सुरकुततो आणि मध्यभागी कोरडाच राहतो. मऊ, टपोरा, आतपर्यंत मुरलेला गुलाबजाम हवा असेल तर पाक थोडा पातळच लागतो आणि जो पाक गुलाबजामला मऊ करतो, तोच यीस्टला आणि स्टॅफिलोकोकसलाही पुरेसं पाणी देतो. साखरांब्याकडे शिवाय कैरीचा आंबटपणा असतो, जो बहुतेक जिवाणूंना सोसत नाही. गुलाबजाममध्ये तसं काही नाही. उलट खव्याच्या रूपानं दूध आहे.

रसगुल्ल्याची स्थिती याहून नाजूक. छेन्याचे गोळे पाकातच उकळतात आणि उकळताना पाक दाट होऊ नये म्हणून कारागीर अधूनमधून पाण्याचे हबके मारत राहतात. दाट पाकात रसगुल्ला फुगत नाही, त्याला जाळी पडत नाही. उकळून झाल्यावर तो त्याहून पातळ, ४० ते ४५ टक्क्यांच्या पाकात सोडतात. अशा पाकाचं माप ०.९५ च्या आसपास असतं. इथे स्टॅफिलोकोकसच काय, दूध नासवणारे नेहमीचे जिवाणूही आरामात वाढतात. वर छेन्यात दुधातली प्रथिनं भरपूर, आणि तीही पाणी धरून ठेवणाऱ्या स्पंजासारख्या जाळीत. रंग पांढरा आणि पाक नितळ असल्यामुळे रसगुल्ला गुलाबजामपेक्षा हलका आणि निरुपद्रवी वाटतो. फ्रिजबाहेर तो गुलाबजामच्या कितीतरी आधी बिघडतो.

तयार झाल्या क्षणी दोन्ही पदार्थ जवळपास निर्जंतुक असतात. तळणं आणि उकळणं यातून बहुतेक जंतू मरतात. काही जिवाणूंचे कठीण कवचातले बीजाणू तेवढे उरतात. बिघाड प्रामुख्यानं नंतर आत येतो. गरम पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं की वाफेचे थेंब झाकणाच्या आतल्या बाजूला जमतात आणि परत खाली टपकतात. हे पाणी बिनसाखरेचं असतं. पातेलं कोणी ढवळलं नाही तर पाकाच्या वरच्या थरात आणि वर तरंगणाऱ्या गुलाबजामांच्या पाठीवर एक पातळ पापुद्रा तयार होतो, जिथे साखर खालच्या पाकापेक्षा बरीच कमी असते. हवाही तिथेच मिळते. बुरशीचा पहिला ठिपका पाकात बुडालेल्या भागावर न दिसता वर उघड्या राहिलेल्या पाठीवर दिसतो, त्याचं कारण हे. गुलाबपाणी किंवा केशराचं दूध पाक निवल्यावर घातलं, तर त्यातूनही न उकळलेलं पाणी आणि जंतू आत जातात.

दुसरी वाट हाताची. बोटानं उचललेला गुलाबजाम, उष्टा चमचा, एका वाटीतून परत पातेल्यात ओतलेला पाक. लग्नघरात किंवा सणाला पातेल्यात दिवसभरात किती हात जातात याची मोजदाद कोणी करत नाही.

पुढे काय होतं ते हवेवर अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईतल्या स्वयंपाकघराचं तापमान तिशीच्या वर असतं. मे महिन्यात नागपुरात ते चाळिशी गाठतं. थंडीत नाशिकच्या घरात रात्री तेच पातेलं बऱ्यापैकी गार राहतं. त्यामुळे "बाहेर किती दिवस टिकतात" याला एकच उत्तर नसतं. मागच्या जानेवारीत टिकले म्हणून या एप्रिलमध्ये टिकतील, असं धरता येत नाही.

उकाड्यात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यीस्टचं काम दिसायला लागतं. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची रेघ येते. गुलाबजाम हलवला की पाकातून बुडबुडे वर येतात. डबा घट्ट लावलेला असेल तर झाकण किंचित फुगतं आणि उघडताना हवा सुटल्याचा आवाज येतो. वास आधी फळासारखा, मग आंबूस, शेवटी ताडीच्या जवळ जाणारा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. ताडी आंबते तीच ही क्रिया.

रसगुल्ल्यात आणखी एक प्रकार घडतो. पाक थंड असूनही चमच्यावरून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा लोंबतो, बोटांना बुळबुळीत लागतो. काही जिवाणू साखरेच्या कणांना एकमेकांना जोडून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हा उपद्रव चांगला ठाऊक आहे: तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू त्यात शिरतो, रस बुळबुळीत होतो आणि गाळणं व साखरेचे दाणे पाडणं दोन्ही अवघड होऊन बसतं. पातळ पाकातही त्याच जातीचे जिवाणू तेच करतात. चांगल्या पाकाचा चिकटपणा बोटांत कोरडा, ओढ देणारा असतो. हा ओला आणि घसरता असतो. एकदा अनुभवला की फरक चुकत नाही.

बुडबुडे, आंबूस वास, बुळबुळीतपणा, बुरशीचा ठिपका. यातलं काहीही दिसलं तर पातेलं टाकून द्यायचं, यावर सहसा वाद होत नाही. बुरशीचा एक गुलाबजाम काढून बाकीचे ठेवावेत का, एवढाच प्रश्न येतो. ठेवू नयेत. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसण्याआधीच पसरलेले असतात आणि पाकासारख्या द्रवात तिनं सोडलेली द्रव्यं सगळीकडे जातात.

खरी अडचण त्या पातेल्याची आहे ज्यात यातलं काहीच दिसत नाही.

स्टॅफिलोकोकस वास सोडत नाही, बुडबुडे काढत नाही, चव बदलत नाही. ०.९२ च्या गुलाबजाममध्ये तो हळू वाढतो, ०.९५ च्या रसगुल्ल्यात वेगानं. एका ग्रॅममध्ये त्याची संख्या साधारण लाखाच्या घरात गेली की त्यानं पदार्थात सोडलेलं विष माणसाला बाधण्याइतकं होऊ शकतं. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून आठ तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होतात, पोटात कळा येतात, काहींना जुलाब होतात. बहुतेकांचं दुखणं दिवसभरात ओसरतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मात्र पाणी कमी होऊन लवकर गळतात. लग्नातल्या जेवणानंतर काही तासांतच अनेकांना एकदम उलट्या होतात, तेव्हा डॉक्टरांच्या मनात ज्या शंका येतात त्यात हा जिवाणू वरच्या क्रमांकावर असतो.

इथेच एक जुना घरगुती उपाय फसवा ठरतो. गुलाबजाम दोन दिवस बाहेर राहिले, तर पाक पुन्हा उकळून घ्यायचा, की ते "ताजे" होतात असं मानतात. उकळल्यानं जिवाणू मरतात, हे खरं. पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उष्णतेला दाद देत नाही. अर्धा तास उकळूनही ते बऱ्याच अंशी शाबूत राहतं. पाक उकळण्याचा उपयोग आहे, पण तो वाढ होण्यापूर्वी. पहिल्याच दिवशी उकळून, निववून, फ्रिजमध्ये ठेवलं तर फायदा. तिसऱ्या दिवशी उकळलं तर फक्त जंतू मेलेला, विष असलेला पाक हाती येतो. आंबलेला पाक उकळून वास घालवला तर एकमेव इशारा तेवढा पुसला जातो.

लिंबाबद्दलही असाच गैरसमज आहे. पाकात चमचाभर लिंबाचा रस घालतात तो टिकण्यासाठी नसतो. आम्लामुळे काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि त्यामुळे पाकात खडे बसत नाहीत. किलोभर साखरेच्या पाकाला जिवाणू रोखण्याइतकं आंबट करायचं, तर एवढं लिंबू लागेल की तो पाक गुलाबजामचा राहणार नाही.

हलवायाच्या दुकानात गुलाबजाम दिवसभर उघड्या परातीत असतात, मग ते कसे चालतात? जिथे नीट काळजी घेतली जाते तिथे परात खालून तापत असते. ६० अंश सेल्सिअसच्या वर हे जिवाणू वाढत नाहीत, आणि ५ अंशांच्या खालीही जवळपास नाहीत. जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ खोलीच्या तापमानाला ठेवू नये असं सांगते, ते या दोन टोकांमधल्या पट्ट्यामुळे. वाफाळती परात ठीक, फ्रिज ठीक. सकाळी तापवून दुपारभर कोमट राहिलेली परात सगळ्यांत वाईट. लग्नाच्या बुफेत गुलाबजाम खालच्या विझलेल्या बर्नरवर तासन्‌तास असेच कोमट पडलेले असतात.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या परातीवरही "कधीपर्यंत खावी" ती तारीख लावणं दुकानदारांना बंधनकारक केलं. प्राधिकरणाच्या मार्गदर्शक यादीत कलाकंद त्याच दिवशी खाण्याचा, तर रसगुल्ला, रसमलाई, संदेश यांसारख्या बंगाली मिठाया दोन दिवसांत खाण्याच्या गटात आहेत. खव्याच्या वड्या-पेढ्यांना चार दिवस, आणि बेसन लाडू, चिक्की यांसारख्या कोरड्या पदार्थांना महिनाभर. या क्रमामागेही पाण्याचाच हिशेब आहे: जितकं मोकळं पाणी कमी, तितकी मुदत लांब.

घरच्या पातेल्यासाठी यातून निघणारी रीत फार अवघड नाही. गुलाबजाम मुरण्यासाठी चार-सहा तास बाहेर लागतात, तेवढे द्यावेत, पण पहिले दोन तास झाकण किंचित उघडं ठेवून वाफ जाऊ द्यावी. मुरले की लागतील तेवढेच वाढण्याच्या भांड्यात काढावेत आणि बाकीचे कोरड्या, स्वच्छ डब्यांत, पाकात पूर्ण बुडवून, फ्रिजमध्ये ठेवावेत. एका मोठ्या पातेल्यापेक्षा चार छोटे डबे बरे; ते लवकर गार होतात आणि प्रत्येक डबा थोड्या वेळाच उघडला जातो. वाढण्याच्या भांड्यात उरलेले परत मूळ डब्यात टाकू नयेत. अशा रीतीनं गुलाबजाम आठवडाभर चांगले राहतात. घरचे रसगुल्ले दोन-तीन दिवसांत संपवलेले बरे.

फ्रिजमध्ये गुलाबजाम कडक होतात ही तक्रार खरी आहे, पण तो बिघाड नाही. खव्यातलं तूप गारठून घट्ट होतं आणि मैद्यातला स्टार्च शिळ्या पावासारखा आखडतो. खाण्यापूर्वी लागतील तेवढेच गुलाबजाम थोड्या पाकासह गरम केले की दोन्ही सैल पडतात. पाकात साखरेचे खडे बसत असतील, तर त्यातून उलट एक चांगली गोष्ट कळते: फ्रिजच्या तापमानाला साधारण ६५ टक्क्यांहून दाट पाकातच साखर बाहेर पडते. खडे दिसणारा पाक चांगलाच दाट असतो. बिघडण्याची भीती कधीही खडे न दिसणाऱ्या पातळ पाकाला जास्त.

राहता राहिला डबाबंद रसगुल्ला. कोलकात्याच्या बागबाजारात नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये रसगुल्ला विकायला सुरुवात केली असं बंगालमध्ये मानतात. त्यांचे पुत्र कृष्णचंद्र दास यांच्या दुकानानं १९३० च्या सुमारास तो हवाबंद डब्यात भरला, आणि जो पदार्थ दोन दिवसांत संपवावा लागे तो आगगाडीनं आणि जहाजानं दूरवर जाऊ लागला. त्या डब्यातला पाकही पातळच असतो. त्याला टिकवतं ते डबा बंद करून आतल्या सगळ्याला दिलेली उष्णता आणि बाहेरचा एकही जंतू आत येऊ न देणारं झाकण. झाकण फुगलेलं असेल तर डबा न उघडताच टाकावा. चांगला डबा एकदा कापला की तो महिनोन्‌महिने टिकणारा पदार्थ उरत नाही. उरलेले रसगुल्ले लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून पाकासकट फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि छापलेली तारीख पुढच्या वर्षाची असली तरी ते याच आठवड्यात, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत खावेत.